बोअरची मोटर वॉरंटीत बंद पडली तर: क्लेम कोणत्या क्रमाने करायचा

वॉरंटी संपलेली नसते, बिल हातात असते आणि तरीही सबमर्सिबल मोटरचा क्लेम नाकारला जातो. याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे कामांचा उलटा क्रम. मोटर बंद पडली की लोक आधी ती वर काढतात, मग गावातल्या वाइंडिंगवाल्याकडे नेऊन उघडून बघतात, आणि शेवटी वॉरंटी आठवते. तोवर मोटरचे सील तुटलेले असते, स्टार्टरच्या रिलेचे सेटिंग कोणीतरी फिरवलेले असते, आणि बिघाड कशाने झाला हे दाखवणारे काहीच उरलेले नसते.

क्लेम तपासताना कंपनी एकच गोष्ट पाहते. दोष मोटर बनवताना राहिला, की जागेवरच्या वीज, पाणी, केबल किंवा जोडणीमुळे मोटर गेली? जागेवरच्या कारणाला वॉरंटी लागू होत नाही. त्यामुळे आपले प्रत्येक काम या प्रश्नाचे उत्तर तयार करणारे असायला हवे. खाली ५ एचपीच्या तीन फेज मोटरचे उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. मोटर नोव्हेंबरात घेतली, ८० मीटरवर सोडली, आणि फेब्रुवारीत एके दिवशी सुरू करताच एका फेजचा फ्यूज उडू लागला.

## १. मोटर बंद ठेवा, पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका

फ्यूज उडाला की जाड तार टाकून "एकदा बघू" म्हणायची सवय आहे. वाइंडिंगमध्ये एका ठिकाणी छिद्र पडले असेल, तर अशा दोन-तीन प्रयत्नांत आजूबाजूच्या ताराही जळतात. मग एका बिंदूवरचा दोष सगळीकडच्या जळण्यात हरवून जातो. रिले ट्रिप होत असेल तर त्याचे अँपियर वाढवू नका.

त्याच वेळी वहीत लिहा: तारीख, वेळ, मोटर किती वेळ चालल्यावर बंद पडली, त्याआधी पाणी कमी येत होते का, आवाज बदलला होता का, आणि त्या दिवशी वीज चमकली होती का. शेवटची गोष्ट दडवू नका. विजेच्या धक्क्यानेही वाइंडिंगला एकाच जागी छिद्र पडते, त्यामुळे कंपनीचा माणूस हा प्रश्न विचारणारच.

## २. स्टार्टरपेटीचे फोटो, हात लावण्याआधी

पेटी उघडून तीन फोटो काढा: रिलेचा आकडा स्पष्ट दिसेल असा, फ्यूजचा, आणि एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर व पाण्याविना मोटर चालू न देणारे ड्राय रन संरक्षण बसवलेले असेल तर त्यांचा.

रिलेचा फोटो फार महत्त्वाचा आहे. आपल्या उदाहरणातल्या मोटरच्या नेमप्लेटवर १०.५ अँपियर लिहिले आहे. डायरेक्ट स्टार्टरमध्ये रिले साडेदहाच्या आसपास असेल, तर मोटरला संरक्षण होते हे दिसते. तो १६ वर असेल तर ओव्हरलोडचा आरोप खोडायला तुमच्याकडे काही राहत नाही. आकडा चुकीचा दिसला म्हणून आता फिरवून ठेवणे हा खोटेपणा आहे आणि तो पकडलाही जातो, कारण ओव्हरलोडची खूण वाइंडिंगवर उमटलेली असते.

मग मीटरवर तिन्ही फेजमधले व्होल्टेज मोजा. मोटर ज्या वेळी चालवता त्या वेळचे मोजा. रात्री लाईन मोकळी असताना मिळालेला आकडा उपयोगाचा नाही. व्होल्टेज किती ते किती चालते हे मोटरच्या पुस्तिकेत दिलेले असते, त्याशी ताडून लिहा.

तपासा: फोटोत तारीख-वेळ येते का? फोनमधली मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीत ती माहिती राहत नाही.

## ३. कागद जुळवा

बिल आहे एवढे पुरत नाही. त्या बिलातली मोटर म्हणजे बोअरमध्ये बसवलेलीच मोटर, हे कागदावरून सिद्ध व्हायला हवे. अनेक बिलांवर नुसते "५ एचपी मोटर पंप, नग १" असते. पुढची माहिती बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर सापडली पाहिजे: तुमचे नाव, खरेदीची तारीख, मॉडेल, आणि सिरियल नंबर. मोटर आणि पंप यांचे सिरियल नंबर वेगळे असतात. क्लेम मोटरचा असेल तर मोटरचाच नंबर लागतो. इथे खूप जण पंपाचा नंबर देऊन मोकळे होतात.

बिलावर नंबर नसेल तर डीलरकडे जा. त्याच्या विक्रीच्या नोंदीवरून, दुकानाच्या लेटरहेडवर, "अमुक बिल नंबरने विकलेल्या मोटरचा सिरियल नंबर हा आहे" असे सही-शिक्क्यासह लिहून घ्या. मूळ बिलावर स्वतः पेनने नंबर घालू नका. कोटेशन, एस्टिमेट किंवा साध्या चिठ्ठीवरचा हिशोब हे बिल नव्हे. पैसे ऑनलाइन दिले असतील तर बँकेची नोंद सोबत जोडा. तिने खरेदीची तारीख पक्की होते, पण जीएसटी बिलाची जागा ती घेत नाही.

बिल वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल, तर पत्र त्यांच्याच सहीने पाठवा. त्यासाठी नवे बिल मागत बसू नका.

मग वॉरंटी कार्ड मागच्या बाजूसह वाचा. मुदत विक्रीच्या तारखेपासून धरली आहे की कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेपासून, हे बघा. काही कार्डांवर दोन्ही लिहून "यांपैकी जी आधी संपेल ती" अशी अट असते. दुकानात वर्षभर पडून राहिलेली मोटर घेतली असेल तर हाच खड्डा असतो. मोटर वर काढण्याचा खर्च, केबल आणि वाहतूक बहुतेक वेळा वॉरंटीत धरलेली नसते, तेही इथेच कळते.

सौर योजनेतून मिळालेल्या पंपाचा रस्ता वेगळा आहे. तिथे पाच वर्षांची जबाबदारी बसवणाऱ्या एजन्सीची असते. तक्रार तिच्याकडे आणि योजना राबवणाऱ्या यंत्रणेकडे नोंदवायची. दुकानदाराकडे जाऊन दिवस घालवू नका.

## ४. मोटर वर काढण्याआधी तक्रार नोंदवा

कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. नुसते डीलरला "मोटर बंद पडली" सांगणे म्हणजे तक्रार नव्हे. डीलर चांगला असेल तर तो स्वतः नोंदवेल, पण क्रमांक तुमच्या मोबाईलवर आला पाहिजे. मुदत संपायला थोडे दिवस उरले असतील तर हे काम आजच करा, कारण नोंदणीची तारीख हाच तुमच्याकडचा वेळेतल्या तक्रारीचा पुरावा असतो.

फोनवर तीन प्रश्न विचारा. मोटर काढताना तुमचा माणूस हजर राहणार का? मोटर सर्व्हिस सेंटरला आणायची की डीलरकडे द्यायची? सोबत पंपही लागेल का? उत्तरे मिळाल्यावर लगेच त्यांच्या ईमेलवर किंवा अधिकृत व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका: "आज तक्रार क्रमांक अमुक नोंदवली. आपल्या सांगण्यानुसार मोटर काढून सेंटरला आणत आहे." फोनवरचे बोलणे असे लेखी होते.

## ५. मोजमाप: दोष केबलचा की मोटरचा

हा टप्पा टाळला तर पुढची सगळी धावपळ वाया जाऊ शकते. बोअरमध्ये "मोटर गेली" असे वाटते तेव्हा अनेकदा जोड गेलेला असतो किंवा केबल पाईपला घासून सोललेली असते. जोड आणि केबल कंपनीची नसतात.

मेन स्विच बंद करा, केबल स्टार्टरमधून पूर्ण सोडवा आणि दोन प्रकारची मोजमापे घ्या. पहिले, मीटरने तिन्ही वायरींच्या जोड्यांमधला रेझिस्टन्स. दुसरे, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, प्रत्येक वायर आणि अर्थिंग यांच्यातले इन्सुलेशन. साध्या मल्टिमीटरवर इन्सुलेशनचा भरवसा धरू नका. मेगर नसेल तर तो असलेला वायरमन बोलवा.

आपल्या उदाहरणात जोड्यांचे आकडे ४.६, ४.६ आणि ४.६ ओहम आले, आणि मेगर शून्यावर बसला. याचा अर्थ असा की तिन्ही वाइंडिंग सलग आहेत, सारख्या आहेत, पण कुठेतरी वीज बॉडीला किंवा पाण्याला लागते आहे. मोटरच्या आत तिन्ही वाइंडिंग एका टोकाला जोडलेल्या असतात, म्हणून कुठल्याही वायरवर मेगर शून्यच दाखवेल. कोणती फेज दोषी, हे यावरून ठरत नाही.

आता मोटर वर काढा. केबल कापायची ती जोडाच्या वर साधारण एक फूट सोडून. जोड आणि मोटरची स्वतःची वायर दोन्ही शाबूत राहिली पाहिजेत. जोडाच्या खाली मोटरचीच वायर कापली, तर कंपनीला जोड बघता येत नाही आणि शंकेचा फायदा तुम्हाला मिळत नाही.

जोड आणि वायर कोरडी पुसून मोटरवर पुन्हा मेगर लावा. आता आकडा १ मेगाओहमच्या बराच वर गेला, तर मोटरवर शंका घेण्याआधी जोड पाण्याच्या बादलीत बुडवून मेगर लावा. आकडा पुन्हा पडला तर दोष जोडाचा आहे. तो पडला नाही तर केबल नीट तपासा. दोष यांपैकी कशात निघाला तर क्लेमची गरज नाही, नवा जोड किंवा नवी केबल पुरेल. उदाहरणात जोड कोरडा करूनही मेगर शून्यच राहिला. मोटरच्या जोड्यांमध्ये ३.८ ओहम आले, आणि एकट्या ९० मीटर केबलचे इन्सुलेशन १०० मेगाओहमच्या वर निघाले. म्हणजे केबल निर्दोष आणि दोष जोडाच्या खालच्या भागात. ४.६ मधले उरलेले ०.८ ओहम हे केबलचेच आहेत.

जोड कोरडा असूनही आतून खराब असू शकतो, एवढी शंका उरते. ती काढायला जोड सोडवण्याचा मोह होईल. तो सेंटरसमोर सोडवू द्या.

सावधान: मोटरचा एकही बोल्ट खोलू नका. पाणी भरायची टोपीसुद्धा नको. मोटर वर आली की लगेच नेमप्लेट, सिरियल नंबर, सील, जाळी आणि पंपाच्या शाफ्टचे फोटो घ्या. जाळीत वाळू किंवा गाळ दिसला तर तोही फोटोत येऊ द्या. नंतर मोटर तशीच ओल्या पोत्यात गुंडाळा. धुऊन चकाचक करू नका, रंग तर मुळीच लावू नका.

## ६. बिघाडाचे वर्णन लिहा

इथे लोक निष्कर्ष लिहितात: "मोटर जळाली", "मोटर हलक्या दर्जाची आहे". दोन्ही वाक्ये तुमच्या विरोधात जातात. "जळाली" हा शब्द वाचला की ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज गृहीत धरले जाते. तुम्ही काय पाहिले आणि काय मोजले एवढेच लिहा, मागणी एका ओळीत करा. पत्र एका पानाचे असावे.

> विषय: तक्रार क्रमांक ____ : ५ एचपी सबमर्सिबल मोटर, सिरियल क्रमांक ____ , वॉरंटीनुसार तपासणी व बदली
>
> महोदय,
>
> वरील मोटर १४ नोव्हेंबर २०२४ रोजी बिल क्रमांक ____ ने खरेदी केली व १६ नोव्हेंबरला बोअरमध्ये ८० मीटरवर बसवली. मोटर चालू असताना पाण्याची पातळी सुमारे ५५ मीटर असते.
>
> १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी ७ वाजता सुरू करताच एका फेजचा फ्यूज उडाला. आदल्या दिवशीपर्यंत पाणी व आवाज नेहमीसारखा होता. वीज कडाडलेली नव्हती. त्यानंतर मोटर चालवलेली नाही.
>
> रिले १०.५ अँपियरवर होता. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर व ड्राय रन संरक्षण बसवलेले आहे. तिन्ही फेजमधील व्होल्टेज: ३९०, ३९५, ३९२.
>
> मोटर काढून घेतलेली मोजमापे: वाइंडिंग ३.८, ३.८, ३.८ ओहम. ५०० व्होल्ट मेगरवर इन्सुलेशन शून्य. वेगळ्या केलेल्या केबलचे इन्सुलेशन १०० मेगाओहमच्या वर.
>
> मोटर उघडलेली किंवा दुरुस्त केलेली नाही. मोटर माझ्या किंवा माझ्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत उघडावी, तपासणीचा लेखी अहवाल द्यावा व वॉरंटीनुसार मोटर बदलून द्यावी.
>
> सोबत: बिल, वॉरंटी कार्ड व डीलरच्या पत्राच्या प्रती, फोटो.

पाण्याची पातळी आणि मोटरची खोली का लिहायची? मोटर पाण्याच्या बरीच खाली होती हे दिसले की ड्राय रनची शंका तिथेच कमी होते. जे मोजले नाही ते मात्र अंदाजाने भरू नका. त्या जागी "मोजलेले नाही" लिहा.

## ७. मोटर देताना पोच, उघडताना हजेरी

मोटर डीलरकडे किंवा सेंटरला देताना पोच घ्या. पोचपावतीवर सिरियल नंबर, तारीख आणि "सील शाबूत, मोटर न उघडलेली" असे लिहिलेले हवे. डीलर "आपल्यातच आहे, पावती कशाला" म्हणाला, तरी मोबाईलवर तेवढे लिहून त्याच्याकडून "मिळाली" असे उत्तर घ्या. मूळ बिल देऊ नका, प्रत द्या. मूळ दाखवून परत घ्या.

मोटर उघडतील तेव्हा शक्यतो हजर राहा. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये वाइंडिंगची अवस्था बघून पुष्कळ कळते:

- तिन्ही फेजच्या वाइंडिंग सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर मोटर जास्त भाराने, कमी व्होल्टेजने किंवा थंड करणाऱ्या पाण्याअभावी तापली.
- दोन फेजच्या काळ्या आणि तिसरी ताजीतवानी असेल, तर सिंगल फेजिंग झाले. इथे वॉरंटीसाठी भांडण्यात अर्थ नाही.
- बाकी वाइंडिंग स्वच्छ आणि एकाच ठिकाणी तारेच्या आवरणाला छिद्र असेल, तर आवरणातला दोष, भरताना लागलेला ओरखडा किंवा विजेचा धक्का यांपैकी काहीतरी. तुमचा दावा इथे सर्वांत भक्कम असतो.
- वाइंडिंग ठीक पण थ्रस्ट बेअरिंग झिजले किंवा तडकले असेल, तर मोटरमधले पाणी वाळूमिश्रित आहे का बघा. वाळू असेल तर दोष जागेचा मानला जातो.

उदाहरणातल्या तिन्ही वाइंडिंगचे रेझिस्टन्स सारखे होते, म्हणून तिसरी शक्यता आधीच वर आली होती. उघडल्यावर तेच दिसले, तर त्या जागेचा फोटो तुमच्या फोनवर घ्या आणि अहवालावर फोटोची नोंद करायला सांगा.

## ८. मंजूर झाला तर

"बदली" म्हणजे नवी मोटर, दुरुस्त केलेली मोटर की फक्त वाइंडिंग, हे आधी विचारा. कार्डावर बहुधा हा निर्णय कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. मिळालेल्या मोटरचा नवा सिरियल नंबर कागदावर घ्या, आणि वॉरंटी नव्याने सुरू होते की जुनीच उरलेली चालते हे लिहून घ्या. बोअरमध्ये सोडण्याआधी मोटर स्वच्छ पाण्याने भरलेली आहे का ते तपासा, मेगर लावा आणि आकडा लिहून ठेवा. हा कोरा आकडा पुढच्या वेळी लागेल.

## ९. नाकारला तर

तोंडी नकार घेऊ नका. कारण लेखी मागा, आणि ते पुराव्याशी ताडून बघा. "ड्राय रन" म्हणत असतील, तर पातळीची नोंद आणि बेअरिंगची अवस्था दाखवा. "ओव्हरलोड" म्हणत असतील, तर रिलेचा फोटो आणि स्वच्छ वाइंडिंग दाखवा. हे उत्तर सेंटरला न पाठवता कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, तक्रार क्रमांकासह पाठवा.

त्यानेही हलले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवा. इथून कंपनीकडे मध्यस्थीने पाठपुरावा होतो, आदेश मात्र निघत नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी शेती करणारा माणूस कायद्यातल्या "ग्राहक" या व्याख्येत बसतो.

दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून मोटर परत मिळाल्यावर रिवाइंड करू नका. पिकाला पाणी द्यायचे आहे आणि थांबणे शक्य नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा दुसरी मोटर भाड्याने किंवा विकत घेऊन चालवा. तेही जमत नसेल आणि हीच मोटर रिवाइंड करावी लागली, तर दावा तिथेच संपला असे धरून निर्णय घ्या. रिवाइंड करणाऱ्याकडून जुन्या तारेचा तुकडा आणि छिद्राचा फोटो ठेवून त्यावर दावा टिकेल, अशी आशा धरू नका.